डोहाळजेवणातली टूटीफ्रुटी

डोहाळजेवणाचा थाट हल्ली बदलला आहे. फुलांची वाडी असते, ओटी भरली जाते आणि शेवटी केकही कापला जातो. फळांच्या तबकात केळी, डाळिंब, सफरचंद, चिकू असं सगळं असतं. पपई आणि अननस नसतात, आणि ते का नाहीत असं कुणी विचारतही नाही. उत्सवमूर्ती मात्र केकचा तुकडा तोंडात घालते, तेव्हा त्यातले लाल-हिरवे चौकोनी तुकडे कच्च्या पपईचे असतात. टूटीफ्रुटी म्हणून ज्या वस्तूला आपण ओळखतो, ती कच्च्या पपईच्या फोडी उकळून, साखरेच्या पाकात मुरवून आणि रंग देऊन केलेली असते. ज्या फळाच्या नावानं घरातल्या आजीचे डोळे मोठे होतात, तेच फळ तिच्या डोळ्यांदेखत सुनेच्या पोटात जातं आणि काही होत नाही.

एवढ्यावरून आजीला वेड्यात काढण्याचं कारण नाही. तिच्या भीतीमागे काहीतरी आहे. ते नेमकं कुठे आहे आणि कुठे नाही, हे शोधायचं तर ‘पपई’ हा एक शब्द फोडून बघावा लागतो. कच्ची पपई आणि पिकलेली पपई, फळ आणि त्याचा चीक, कोशिंबीर आणि शिजवलेली भाजी, खाणं आणि अंगाला थेट लावणं, या जोड्यांतल्या दोन बाजू रसायनाच्या दृष्टीनं एकमेकींपासून फार लांब आहेत. परंपरेनं त्या एकाच गाठोड्यात बांधल्या, आणि आधुनिक सल्ल्यांनीही बऱ्याचदा ते गाठोडं न सोडताच एक तर स्वीकारलं किंवा फेकून दिलं.

आधी ‘परंपरा’ म्हणजे किती जुनी ते पाहू. पपई मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, अननस दक्षिण अमेरिकेचा. कोलंबसाच्या माणसांनी अननस पहिल्यांदा पाहिला तो 1493 साली, ग्वादलूप बेटावर. दोन्ही फळं आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांच्या काळात, सोळाव्या शतकात. लिन्सखोटेन हा डच माणूस 1583 ते 1588 या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्याच्या 1596 सालच्या प्रवासग्रंथात दोन्ही फळं आहेत, आणि पपई स्पॅनिश मुलखातून फिलिपिन्सला, तिथून मलाक्क्याला आणि मग हिंदुस्थानात आली असं त्यानं नोंदवलं आहे. जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत अननसाचं कौतुक केलं तेही फिरंग्यांच्या बंदरांतून आलेलं फळ म्हणूनच. पुढे आग्र्याच्या शाही बागेत त्याचं हजारांनी पीक येऊ लागलं. आपला ‘अननस’ हा शब्द तुपी भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून आला, आणि ‘पपई’ही कॅरिबियन बेटांकडच्या बोलीतून त्याच वाटेनं आली.

म्हणजे चरक-सुश्रुतांनी पपई पाहिलेलीच नव्हती. तिला पुढे मिळालेलं ‘एरण्डकर्कटी’ हे संस्कृत नावच सांगतं की पाहुणीला घरातलं नाव दिलं गेलं: पानं एरंडासारखी, फळ काकडीसारखं. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात गर्भाला अपाय करणाऱ्या गोष्टींची यादी आहे. तिच्यात वेग अडवणं, ओबडधोबड आसनावर बसणं, अतिश्रम यांच्याबरोबर तीक्ष्ण आणि उष्ण पदार्थांचा अतिरेकही आहे. तिथे फळाचं नाव नाही, गुण आहे. नवं फळ आलं तेव्हा लोकांनी त्याचा गुण पाहिला. कच्च्या पपईच्या चिकानं कातडी पोळते, अननसानं जीभ सोलवटते. ‘हे उष्ण पडतं’ असा निकाल झाला आणि पपई-अननस तयार खणात जाऊन बसले. ‘हजारो वर्षांचा अनुभव’ असं म्हणतात तो फार तर साडेचारशे वर्षांचा आहे. पण साडेचारशे वर्षंही कमी नव्हेत. तेवढ्या काळात सुइणींच्या हाताखालून पुष्कळ काही गेलं असणार.

त्या काळातला एक धागा लेखी सापडतो. ब्रिटिश सरकारसाठी एडवर्ड वेअरिंग या डॉक्टरानं सिद्ध केलेला ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’ 1868 साली निघाला. दक्षिणेत सगळ्या थरांतल्या बायकांना पपईच्या या गुणाची खात्री आहे, गर्भार बाईनं बेतानं खाल्ली तरी गर्भ पडेल असं त्या मानतात, अशी नोंद त्यात आहे. पुढच्या औषधी कोशांनी ती उचलली. पण जुन्या औषधी साहित्यात याहून बोलकी एक वेगळी नोंद येते. गर्भ पाडण्यासाठी पपईचा चीक थेट गर्भाशयाच्या मुखाशी लावला जाई. दक्षिण आणि आग्नेय आशियात ही रीत अनेक ठिकाणी होती.

हा फरक फार मोठा आहे. फळ खाणं वेगळं आणि प्रथिनं चिरणारा ताजा चीक नाजूक उतींवर थेट लावणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात जखम होते, सूज येते, जंतुसंसर्ग होतो आणि त्या सगळ्याच्या धक्क्यानं गर्भपात होऊ शकतो. बाई दगावूही शकते. असे प्रकार गावात कुणाच्या तरी कानावर येतच. बंद दाराआड काय झालं ते कुणी उघड बोलत नसे. बाहेर फक्त एवढंच येई की पपईनं गर्भ पडला. स्वयंपाकघरातल्या मनाईची बरीचशी धार या न बोललेल्या गोष्टीतून आली असावी.

आता चीक म्हणजे काय ते बघू. पपईच्या झाडात खोड, पानं आणि कच्चं फळ यांमधून दुधाच्या बारीक नळ्या धावतात. नखानं ओरखडलं की पांढरं दूध येतं आणि हवेत लगेच गोठतं. त्यात पपेन, कायमोपपेन, कॅरिकेन आणि आणखी एक अशी प्रथिनं तोडणारी एन्झाइमं असतात. हे झाडाचं हत्यार आहे. 2004 साली जपानी संशोधक कोतारो कोन्नो आणि सहकाऱ्यांनी पपईची पानं अळ्यांना खायला घातली तेव्हा अळ्या मेल्या किंवा खुरटल्या. त्याच पानांतला चीक धुऊन काढला, तेव्हा अळ्या मजेत वाढल्या.

फळ कच्चं असताना बी तयार नसतं, म्हणून झाड त्याची राखण करतं. बी काळं झालं की फळ कुणीतरी खावं अशीच झाडाची इच्छा असते. मग साल पिवळी होते, गोडी येते आणि नळ्यांतलं दूध आटतं. पूर्ण पिकलेल्या पपईत चीक जवळजवळ उरत नाही.

पपेनचा धंदा करणारे शेतकरी हे आकड्यांनी जाणतात. फळ साधारण अडीच-तीन महिन्यांचं, पूर्ण वाढलेलं पण हिरवं असताना भल्या पहाटे त्यावर उभ्या चिरा देतात. चिरा दोन-तीन मिलिमीटरांहून खोल नसतात, कारण दूध सालीलगत असतं, गरात खोल नाही. पातं बांबूचं किंवा स्टेनलेस स्टीलचं घेतात, कारण साध्या लोखंडानं चीक काळवंडतो आणि एन्झाइमही मंदावतं. काही दिवसांच्या अंतरानं पुन्हा चिरा पाडतात. कोइमतूरच्या कृषी विद्यापीठानं को-2, को-5 अशा जाती काढल्या त्या या चिकाच्या उत्पन्नासाठीही. चीक काढून झालेलं ओरखड्यांचं फळ बाजारात कुणी घेत नाही; ते टूटीफ्रुटीच्या कारखान्यात जातं. केकमधल्या तुकड्याचा दुधाशी संबंध असा आधीच तुटलेला असतो, आणि उरलंसुरलं उकळताना संपतं.

गोळा केलेल्या पपेनची ताकद मोजायची एक जुनी पद्धत आहे: ते दूध किती वेगानं फाडतं ते बघायचं. हा प्रयोग घरीही होतो. दोन वाट्यांत कोमट दूध घ्यावं. एकीत सालीलगतची कच्ची पपई किसून घालावी, दुसरीत तीच पपई पाण्यात मऊ होईपर्यंत उकळून घालावी. पहिली वाटी फाटते. दुसरी तशीच राहते, कारण एन्झाइमही प्रथिनच आहे आणि उष्णतेनं त्याची घडी विस्कटते. पपेन त्यातल्या त्यात चिवट असतं. साठ-सत्तर अंशांपर्यंत त्याला उलट जोर चढतो, म्हणूनच मटणाला कच्च्या पपईची पेस्ट लावली की कबाब तव्यावर चढल्यावरच जास्त मऊ पडतात आणि पेस्ट जास्त झाली तर लगदा होतो. पण उकळत्या पाण्यात पूर्ण शिजलेल्या भाजीत ते टिकत नाही. गुजराती फरसाणाच्या दुकानात फाफड्याबरोबर मिळणारा पपईचा संभारा मात्र नुसता परतलेला, कच्चट असतो. भाजी आणि संभारा यांना एकाच मापानं मोजता येत नाही, ते यासाठी.

आणि गर्भाशय? या प्रश्नावर सर्वाधिक दाखला दिला जातो तो सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या प्रयोगाचा. अदेबियी, अदैकन आणि प्रसाद या तिघांनी 2002 साली तो ‘ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये छापला. त्याचे दोन भाग आहेत, आणि लोक बहुधा सोयीचा तेवढा एकच सांगतात.

पहिल्या भागात गाभण उंदरीणींना गर्भकाळाच्या निरनिराळ्या टप्प्यांत पाण्याऐवजी पिकलेल्या पपईचा रस दिला, निम्मा रस निम्मं पाणी असा. साधं पाणी पिणाऱ्या उंदरीणींच्या तुलनेत ना पिल्लांची संख्या घटली, ना गर्भ गळण्याचं प्रमाण वाढलं. दुसऱ्या भागात उंदरीणीच्या गर्भाशयाची पट्टी कापून, क्षारांच्या कोमट पाण्यात टांगली आणि त्या पाण्यात निरनिराळी द्रव्यं सोडली. पिकलेल्या पपईच्या रसानं पट्टी हलली नाही. कच्च्या पपईच्या चिकानं मात्र ती आकसली, आणि तीही ऑक्सिटोसिन किंवा प्रोस्टाग्लँडिन दिल्यासारखी. ही दोन्ही द्रव्यं प्रसूतीच्या कळा आणतात. गर्भकाळाच्या शेवटाकडच्या उंदरीणींच्या पट्ट्यांना तर चिकानं सलग पेटकाच आला. पिकलेली पपई बेतानं खाण्यात धोका दिसत नाही, कच्ची किंवा अर्धी पिकलेली असुरक्षित ठरू शकते, असा निष्कर्ष लेखकांनी काढला. त्यातला ‘ठरू शकते’ हा भाग वाटेत गळतो आणि ‘शास्त्रज्ञांनीही सिद्ध केलं’ एवढंच आपल्यापर्यंत येतं.

या पट्टीच्या प्रयोगातली मेख समजून घ्यायला थोडा हिशेब करावा लागतो. टांगलेल्या पट्टीला चीक थेट भिडत होता, आणि परिणाम दिसला तो दर मिलिलिटर पाण्यात 0.1 मिलिग्रॅमपासून पुढे. बाईच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त धरू. तेवढ्या रक्तात हीच तीव्रता यायची तर अर्धा ग्रॅम सुका चीक जसाच्या तसा रक्तात उतरायला हवा. पोटातून तसं होत नाही. जठरातल्या तीव्र आम्लात पपेन टिकत नाही. त्याची घडी मोडते आणि पेप्सिन त्याचे तुकडे करतं. उरलेलं आतड्यात इतर प्रथिनांसारखंच पचतं. दोनशे बारा अमिनो आम्लांची ही साखळी अखंड रक्तात पोचते ती अगदी कणभर. शिवाय चीक सालीलगत असल्यानं सोललेल्या गरात तो आधीच कमी असतो. ताटातल्या दोन चमचे कोशिंबिरीला प्रयोगशाळेतल्या पट्टीचा निकाल लावणं म्हणजे हळदीचा हात डोळ्यात गेला तर झोंबतं म्हणून आमटीत हळद घालायची नाही असं म्हणण्यासारखं आहे.

पण हिशेब इथेच मिटवून टाकता येत नाही. चिकात एन्झाइमांखेरीज लहान रेणूही आहेत, अल्कलॉइडं आहेत, आणि ती पोटातून रक्तात जाऊ शकतात. सिंगापूरच्या प्रयोगाआधी 2000 साली चेरियन यांनी गर्भाशय आकसवण्याचं श्रेय एकट्या पपेनला दिलेलं नाही. एन्झाइमं, अल्कलॉइडं आणि इतर द्रव्यांचं मिश्रण असावं असा त्यांचा कयास होता. त्यांच्या प्रयोगात चिकाचा अर्क स्नायूंवरच्या अल्फा-अॅड्रेनर्जिक ग्राहींमार्फत काम करतो असं दिसलं होतं. आणि 1978 साली गोपालकृष्णन आणि राजशेखरशेट्टी यांनी भारतीय शरीरशास्त्राच्या नियतकालिकात जे छापलं ते पट्टीबद्दल नव्हतं, खाऊ घालण्याबद्दल होतं. कच्चं फळ दिलेल्या उंदरीणींचं माजाचं चक्र बिघडलं आणि गर्भ गळाले. फळ शिळं किंवा जास्त पिकलेलं झालं की हा परिणाम ओसरत गेला. आजीच्या भीतीला कच्च्या पपईपुरता आधार इथे मिळतो. उंदीर आणि बाई यांच्यात वजनाचं, आहाराचं, गर्भकाळाचं अंतर आहे. तरीही हा प्रयोग बाजूला सारता येत नाही.

या सगळ्यात एक दावा मात्र साफ चुकीचा आहे, आणि तोच मोबाइलवर सर्वांत जास्त फिरतो: पपेन प्रोजेस्टेरॉनला ‘खाऊन टाकतं’. प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं संप्रेरक हे खरं. पण ते स्टेरॉइड आहे, कोलेस्टेरॉलपासून बनणारं. त्यात अमिनो आम्लांची साखळीच नाही. पपेनची कात्री चालते ती प्रथिनांच्या साखळीवर. न्हाव्याच्या कात्रीनं पत्रा कापायला जाण्याइतकाच या दाव्यात दम आहे.

चिकातली एन्झाइमं शरीरात खरोखर काय करू शकतात याचं उदाहरण दुसरीकडे आहे. पाठीच्या कण्यातली चकती सरकून नस दाबली जाते तेव्हा कायमोपपेन सुईनं थेट चकतीत टोचून तिचा फुगवटा विरघळवायचा, असा उपचार 1963 पासून केला गेला. 1982 साली अमेरिकेत त्याला रीतसर परवानगी मिळाली. गुण येई, पण काही रुग्णांना अॅलर्जीचा जीवघेणा झटका आला आणि अखेर ते औषध बाजारातून गेलं. अॅलर्जी हा पपईच्या चिकाचा खराखुरा धोका आहे, गर्भारपणातही आणि एरवीही. ज्यांना रबरी हातमोज्यांची किंवा फुग्यांची अॅलर्जी आहे, त्यांच्यातल्या काहींना पपई, केळं, किवी, अॅव्होकॅडो यांचीही होते. पपेनच्या कारखान्यात भुकटी नाकात जाऊन दमा जडलेले कामगार आहेत. ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, घसा आवळणं असं पूर्वी कधी झालेलं असेल, तर त्या बाईनं गर्भारपणात पपई टाळणं हा अगदी शहाणा सल्ला आहे. पण तो सल्ला कुणी देत नाही. कारण ‘उष्ण’ या शब्दात तो मावत नाही.

अननसाची गोष्ट आणखी पातळ आहे. त्याला चीक नसतो. रसातच ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं. जीभ सोलवटते ती त्याच्यामुळे आणि गरातल्या कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे. ताजा अननस घातलेली जिलेटिनची जेली बसत नाही, डबाबंद अननसाची बसते, कारण डबा भरताना तो तापवलेला असतो. आपल्याकडे शाकाहारी घरांत चायना ग्रास वापरतात, ती ताज्या अननसानंही बसते, कारण ती प्रथिन नसून समुद्री शेवाळातली शर्करा आहे. आणि अननसाचा शिरा तर शिजवलेलाच, तिथे ब्रोमेलेनचा प्रश्न संपला. बाजारातलं ब्रोमेलेन प्रामुख्यानं फळातून काढतच नाहीत, ते अननसाच्या खोडातून काढतात. शस्त्रक्रियेनंतर सूज उतरावी म्हणून ट्रिप्सिन, ब्रोमेलेन आणि रुटोसाइड यांच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास लिहून देतात. त्या गोळ्या गर्भारपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पण गोळी म्हणजे फोड नव्हे.

अननसाच्या अर्कानंही टांगलेलं गर्भाशय आकसतं, असे प्रयोग झाले आहेत. 2016 साली मोंजी आणि सहकाऱ्यांनी हा गुण कशाचा ते शोधलं तेव्हा हाती ब्रोमेलेन नाही, सेरोटोनिन लागलं. निदान परिणामाचा एक हिस्सा त्याचा होता. अननसात सेरोटोनिन भरपूर असतं, दर ग्रॅमला सुमारे 17 मायक्रोग्रॅम. ऐकायला हे भीतीदायक आहे. पण त्याच मोजणीत केळ्यात 15 मायक्रोग्रॅम निघालं होतं. डोहाळजेवणाच्या तबकात केळं मानानं बसलेलं असतं आणि अननस बाहेर ताटकळतो. खाल्लेलं सेरोटोनिन आतडं आणि यकृत वाटेतच मोडून टाकतात आणि ते लघवीतून निघून जातं. म्हणूनच एका विशिष्ट गाठीच्या निदानासाठी लघवी तपासायची असते तेव्हा रुग्णाला आधी केळी, अननस, टोमॅटो वर्ज्य करायला सांगतात.

मग अननसाची बदनामी कशानं झाली? कच्चा, हिरवा अननस फार आंबट आणि जोरदार रेचक असतो. त्याचा रस पोटभर प्यायला की जुलाब आणि पोटात कळा येतात, आणि गर्भ पाडण्यासाठी तो देण्याची रीत अनेक मुलखांत होती. आतड्याच्या पिळवटण्याला गर्भाशयाच्या कळा समजणं तर सहज शक्य आहे. पिकलेल्या अननसाच्या चार फोडींशी याचा संबंध नाही. त्या फोडींचा खरा त्रास वेगळा: शेवटच्या महिन्यांत आधीच छातीत जळजळ होत असते, ती वाढते.

भीती टिकून राहण्याचं एक कारण फळात नाही, आकडेशास्त्रात आहे. लक्षात आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी दहा-पंधरा आपोआप गळतात. पहिल्या तीन महिन्यांतल्या अशा गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो, आणि तो ठरतो बीजाच्या मीलनाच्या वेळेला किंवा त्याआधी. एखादीचं गेलं की सगळं घर गेल्या आठवड्याची उजळणी करतं. ‘त्या दिवशी लग्नात फ्रूट सॅलड खाल्लंस ना?’ असा प्रश्न येतो, त्यात अननस निघतोच, आणि एक साक्ष वाढते. पपई खाऊनही ज्यांचं बाळंतपण सुखरूप झालं, त्यांना कुणी विचारत नाही. या उजळणीची किंमत त्या बाईला मोजावी लागते. जे तिच्या हातात नव्हतंच त्याचा दोष ती वर्षानुवर्षं वागवते.

उलट बाजूची किंमतही आहे. दिवस गेलेले नको असताना घरच्या घरी सोडवायचं म्हणून कच्ची पपई खात बसणाऱ्या मुली आजही डॉक्टरांना भेटतात. पपईचा भरवसा नाही. तीन-चार आठवडे वाट बघण्यात जातात आणि सोपा उपाय अवघड होतो. भारतात 1971 च्या कायद्यानं गर्भपात डॉक्टरांकडे, अटींच्या चौकटीत, कायदेशीर आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टराचं मत पुरतं आणि ठरावीक परिस्थितींतल्या स्त्रियांना चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. पपईच्या ‘गुणा’वरचा विश्वास इथे मनाईपेक्षा जास्त घातक ठरतो.

इतर देशांत पाहिलं तर मनाईचं भौगोलिक वेडंवाकडेपण दिसतं. फिलिपिन्समध्ये कोंबडीच्या टिनोला नावाच्या रश्श्यात हिरव्या पपईच्या फोडी शिजवतात आणि अंगावर दूध यावं म्हणून बाळंतिणीला तो आग्रहानं देतात. थायलंडची सोम ताम तर किसलेल्या कच्च्या पपईचीच. आपल्याकडे तमिळनाडूत गॅब्रिएला आइशिंगर फेरो-लुत्सी या अभ्यासक बाईंनी 1970 च्या दशकात गर्भार बायकांच्या पथ्यांची गावोगाव नोंद केली. त्यात वर्ज्य पदार्थांमध्ये फळं ठळक होती, आणि त्यात पपई होतीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2011 च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत पपईनं गर्भपात होतो या समजाला शास्त्रीय आधार नाही असं सरळ लिहून टाकलं. पिकलेल्या पपईपुरतं ते बरोबर आहे. कच्च्या चिकापुरतं ते जरा घाईचं आहे. संस्थेची अडचणही समजण्यासारखी होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 52 टक्के गर्भवती रक्तक्षयी निघाल्या. जेवणातलं लोह अंगी लागायला ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते, आणि पिकलेल्या पपईच्या शंभर ग्रॅमांत ते चाळीस ते साठ मिलिग्रॅम असतं. नंदुरबार-शहाद्याच्या शेतांतून ट्रकच्या ट्रक पपई निघते. त्याच भागातल्या पोटुशी बाईला ज्वारी-बाजरीच्या भाकरीनंतर दोन फोडी मिळू नयेत, याचं समर्थन चिकाच्या कुठल्याही प्रयोगात सापडत नाही.

बाजारात खरी अडचण येते ती ‘पिकलेली’ म्हणजे कोणती, इथे. औषध लावून रंग आणलेली पपई वरून पिवळी आणि आत कचकचीत असते. सालीवर भरवसा न ठेवता फळ कापून बघावं. बिया काळ्याभोर, गर एकसारखा केशरी आणि बोटानं दबणारा, सालीच्या कडेला पांढरे थेंब नाहीत, तर ती पिकलेली. देठाकडे हिरवट पट्टा असेल, नखानं ओरखडल्यावर दूध येत असेल, बिया पांढऱ्या किंवा करड्या असतील, तर ती दोन दिवस ठेवावी किंवा भाजीला घ्यावी, आणि भाजी साल जाड काढून पूर्ण शिजवावी. कच्चा कीस, संभारा, सालीसकटचं लोणचं आणि कबाबांचा मसाला चाखून बघणं नऊ महिने टाळलं तर काही बिघडत नाही. बियांची भुकटी जंतांवर देतात, तीही नको. जाता जाता, बियांच्या अर्काचे जयपूरचे लोहिया आणि सहकाऱ्यांचे प्रयोग नर वानरांवर झाले आणि शुक्राणू घटलेले दिसले. पपईच्या भीतीत पुरुषांना वाटा मिळालेला हा एकच प्रसंग. आणि काळ्या मिरीत पपईच्या वाळलेल्या बिया मिसळतात, त्या बायका-पुरुष सगळेच न विचारता खातात.

एवढं सगळं पाळूनही घरोघरी एक दार सताड उघडं राहतं. पावसाळ्यात डेंगीची साथ आली, प्लेटलेट उतरल्या की शेजारी पपईची पानं घेऊन येतात. मिक्सरमध्ये वाटून, गाळून, कडूजहर हिरवा रस पेल्यानं पाजला जातो. औषधाच्या दुकानात त्याच्या गोळ्याही मिळतात. पानात दुधाच्या नळ्या आहेत, कार्पेन हे अल्कलॉइड आहे, आणि हा रस ना पिकलेला असतो ना शिजवलेला. चिकाबद्दलची शंका जर कुठे लागू पडत असेल, तर ती या पेल्याला. डेंगी झालेल्या गर्भवतीला आधीच रक्तस्रावाचा धोका असतो. तिची जागा रुग्णालयात आहे, जिथे सलाइन आणि रक्तदाबावर तासातासाला नजर ठेवता येते. तिच्या उशाशी पानांचा रस ठेवणारं घर बहुतेक वेळा तेच असतं, जिथे तिला पिकलेल्या पपईची फोड कुणी हाताळू दिलेली नसते.